जेट लॅग आणि रात्रपाळीतील डोकेदुखी

अनेक कालविभाग ओलांडून केलेला विमानप्रवास किंवा सलग रात्रपाळ्या यांमुळे शरीराचे जैविक घड्याळ आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा यांत फारकत होते. त्यातून होणाऱ्या त्रासांपैकी डोकेदुखी हा एक नेहमीचा त्रास आहे. प्रवासी आणि रात्रपाळीचा कामगार यांची परिस्थिती वेगळी दिसली तरी मूळ बिघाड एकच आहे. तो दुरुस्त करण्याचे मुख्य साधनही एकच, ते म्हणजे योग्य वेळी उजेड आणि योग्य वेळी अंधार.

जैविक घड्याळाचे केंद्र मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात, दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता एकमेकींना छेदतात त्या जागेच्या वर असते. त्याचे स्वतःचे चक्र 24 तासांपेक्षा किंचित मोठे असते, म्हणून ते रोज उजेडाने जुळवून घ्यावे लागते. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी खास याच कामासाठी आहेत. त्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. अर्धशिशीचा झटका येण्याआधीच्या काळात हायपोथॅलॅमसची क्रिया बदललेली आढळते, त्यामुळे घड्याळाचा बिघाड आणि डोकेदुखी यांचे नाते निव्वळ थकव्यापुरते नाही. अपुऱ्या झोपेने वेदना सहन करण्याची क्षमताही घटते. अर्धशिशीच्या रुग्णांना झोप कमी झाल्याने त्रास होतो, तसाच सुटीच्या दिवशी नेहमीपेक्षा फार उशिरापर्यंत झोपल्यानेही होतो.

उजेडाचा उपयोग करायचा तर शरीराच्या तापमानाचा नीचांक ध्यानात घ्यावा लागतो. झोपेत शरीराचे तापमान उतरत जाते आणि नेहमीच्या उठण्याच्या सुमारे दोन-तीन तास आधी ते सर्वांत कमी होते. रोज 11 ते 7 झोपणाऱ्याचा नीचांक साधारण पहाटे साडेचारला येतो. या क्षणाच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर उजेड पडला, तर घड्याळ मागे सरते, म्हणजे झोप उशिरा येऊ लागते. नंतरच्या काही तासांत पडला, तर ते पुढे सरते आणि झोप लवकर येऊ लागते. तोच उजेड दोन तासांच्या फरकाने उलट काम करतो, हे माहीत नसल्यामुळे चांगल्या हेतूने केलेले उपायही अंगाशी येतात.

पूर्वेकडे 8 तासांचा फरक ओलांडणाऱ्या प्रवाशाचे उदाहरण घेऊ. त्याचा साडेचारचा नीचांक नव्या ठिकाणी दुपारी साडेबाराला येतो. ‘पोचल्यावर सकाळीच उन्हात फिरा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. इथे तो घातक ठरतो, कारण सकाळी आठचे ऊन नीचांकाच्या आधी पडते आणि घड्याळ नेमके उलट्या दिशेला ढकलते. या प्रवाशाने पहिल्या दिवशी साडेबारापर्यंत घरात मंद उजेडात राहावे, बाहेर पडावेच लागले तर गडद गॉगल लावावा आणि दुपारी दोन-तीन तास मोकळ्या उजेडात घालवावेत. पूर्वेकडच्या प्रवासात घड्याळ दिवसाला सुमारे एक तास सरकते, म्हणून उजेड टाळण्याची मर्यादाही रोज तासभर अलीकडे आणायची. निघण्यापूर्वी तीन दिवस रोज एक तास लवकर झोपून, लवकर उठून लगेच भरपूर उजेड घेतला, तर नीचांक दीडला येतो. मग पोचल्यावर तो साडेनऊलाच असतो आणि तीन दिवसांचा त्रास वाचतो. पश्चिमेकडचा प्रवास सोपा जातो, कारण घड्याळाचा स्वाभाविक कल मागे सरण्याकडेच असतो. तिथे संध्याकाळचा उजेड घेत जागे राहणे बहुधा पुरते.

रात्रपाळीत अडचण अधिक चिवट असते, कारण सकाळचे ऊन रोज घड्याळ पुन्हा दिवसाकडे ओढून नेते. रात्री 11 ते सकाळी 7 काम करणाऱ्याचा नीचांक सुरुवातीला पाळीच्या मधोमध येतो. पहाटे चार-पाचला डोके जड होते, डोळे चुरचुरतात, थंडी वाजते. घड्याळ पूर्ण उलटवण्याचा अट्टहास धरला तर सुटीचे दिवस घरच्यांच्या वेळेशी जुळत नाहीत. त्यामुळे शिकागोच्या रश विद्यापीठातील शार्मेन ईस्टमन यांच्या प्रयोगशाळेने मांडलेला मधला मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. त्यात नीचांक सकाळी दहाच्या आसपास, म्हणजे दिवसाच्या झोपेच्या आत आणायचा असतो. पाळीच्या दिवशी साडेआठ ते साडेतीन आणि सुटीच्या दिवशी पहाटे तीन ते दुपारी बारा झोपायचे. दोन्ही झोपांचा बराचसा भाग एकच राहतो, म्हणून घड्याळ मागेपुढे हेलकावत नाही.

यासाठी पाळीच्या सुरुवातीपासून पहाटे चारपर्यंत अधूनमधून पाव-पाव तास प्रखर दिव्यासमोर बसावे, त्यानंतर उजेड कमी करावा. घरी जाताना गडद गॉगल लावावा आणि झोपण्याची खोली दाट पडद्यांनी काळोखी करावी. पहिल्या रात्री चारनंतर प्रखर दिवा घेणे टाळावे, कारण तेव्हा नीचांक जवळ असतो आणि डाव उलटू शकतो. हा बदल व्हायला साधारण आठवडा लागतो. झोपेची सर्वांत मोठी लाट चारऐवजी सहाला, मग सातला येऊ लागली, की घड्याळ सरकते आहे असे समजावे. मात्र याच टप्प्यात ती लाट घरी परतण्याच्या वेळेवर येते आणि त्यात गॉगलची भर पडते. म्हणून अशा दिवसांत स्वतः गाडी चालवणे टाळलेलेच बरे. महिन्यातून एखाद-दोनच रात्रपाळ्या असतील तर हा खटाटोप करू नये. पाळीआधी दीड तास झोप काढावी आणि घड्याळ दिवसाचेच ठेवावे.

प्रत्येक डोकेदुखीचे कारण घड्याळ नसते, आणि वेदनेची वेळ बरेच काही सांगून जाते. विमान उतरताना डोळ्याभोवती किंवा कपाळावर एका बाजूला उठलेली तीव्र कळ बहुधा हवेच्या दाबातील बदलामुळे असते आणि उतरल्यावर अर्ध्या तासात शमते. जेट लॅगशी तिचा संबंध नाही. दिवसा झोपून उठल्यावर दुखणारे आणि चहा-कॉफीने तासाभरात थांबणारे डोके सवयीचे कॅफिन न मिळाल्याचे लक्षण असू शकते. पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात कॉफी घेऊन झोपेच्या सहा तास आधी ती थांबवावी आणि रोजचे प्रमाण व वेळ शक्यतो सारखी ठेवावी. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, आणि अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गटातील गोळ्या किंवा एकाहून अधिक औषधे एकत्र असलेल्या वेदनाशामक गोळ्या 10 किंवा अधिक दिवस घेतल्या, आणि हे तीन महिन्यांहून अधिक चालले, तर गोळ्याच डोकेदुखी निर्माण करतात. रात्रपाळीत गोळी आणि कॉफीवर तग धरणाऱ्यांना हा धोका विशेष असतो. मेलॅटोनिन हे अंधारात शरीरात स्रवणारे संप्रेरक गोळीतून घेतल्यास काहींना उपयोगी पडते, पण त्याचाही परिणाम घेण्याच्या वेळेवर ठरतो. चुकीच्या वेळी घेतल्यास घड्याळ उलटे सरकते, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. अचानक उसळलेली अतितीव्र डोकेदुखी, सोबत ताप व मान आखडणे, हातापायांत कमजोरी, बोलण्यात किंवा दिसण्यात बिघाड, असे काही आढळले तर झोपेचे वेळापत्रक बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.