हुंकार आणि पोच

लहानपणी आजी गोष्ट सांगायला बसली की आमच्याकडे एकच काम असायचं, हूं म्हणायचं. राजा शिकारीला निघाला, हूं. वाटेत नदी लागली, हूं. दोन वाक्यं हूं आला नाही की आजी थांबायची आणि अहिराणीत विचारायची, "झोपना का रे?" आमचं ते एक अक्षर नुसतं 'ऐकलं' एवढं सांगत नव्हतं. 'पुढे चल' असं सांगत होतं.

त्याच घरात दारावर पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन यायचा. वडील पोचपावतीवर सही करायचे आणि पाकीट न उघडताच कोनाड्यात ठेवायचे. त्या सहीचा अर्थ 'मिळालं' एवढाच. वाचलं, पटलं, आता उत्तर लिहितो, यातलं काहीही ती सही बोलत नव्हती.

हुंकार आणि पोच, दोन्ही आखूडच. समोरासमोर ती वेगळी ओळखू येतात, कारण सूर असतो, मान हलते, डोळे असतात. फोनवर मात्र दोघांनाही एकच कपडे मिळालेत: 👍, 🙏, 👌, 'छान', 'मस्त'. आपण मनापासून आठ-दहा ओळी लिहितो, खाली हात जोडलेल्यांची रांग लागते आणि बोलणं तिथेच बसतं. मग आपण दोनपैकी एक चूक करतो. पोचेला हुंकार समजून माणसाच्या मागे लागतो, किंवा हुंकाराला पोच समजून त्याचं दार लोटून घेतो. माझ्या मते दुसरी चूक महाग. पहिलीत थोडी लाज जाते, दुसरीत गोष्टच जाते.

माझंच उदाहरण घेतो. पारोळ्याकडच्या आमच्या गावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. निम्मे लोक गावात, बाकीचे सुरत, नाशिक, पुण्याला. चंपाषष्ठी झाली, चातुर्मासात बंद असलेलं वांगं सुटलं, आणि दुसऱ्या दिवशी मी आजीच्या भरताबद्दल लिहिलं. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, त्याच निखाऱ्यात टाकलेल्या हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. सोबत चुलीचा फोटो. रात्रीपर्यंत 31 प्रतिसाद आले आणि त्यातल्या एकातही पूर्ण वाक्य नव्हतं.

मी काय केलं? सभ्य माणसासारखं एकेकाला 'धन्यवाद 🙏' लिहीत सुटलो. अकराव्या धन्यवादानंतर ग्रुप गप्प झाला. होणारच होता. 'छान' आणि 'धन्यवाद' ही जोडी आहे. पहिलं आलं की दुसरं येतं आणि दोन्ही आले की व्यवहार पुरा होतो, पैसे दिले, सुटे घेतले, तसा. पुढे बोलायला कुणाकडे काही उरत नाही. त्यात अकरा धन्यवादांनी मूळ पोस्ट इतकी वर ढकलली की उशिरा आलेल्याला चूलही दिसेना.

दुसऱ्या दिवशी ते 31 प्रतिसाद मी पुन्हा वाचले, या वेळी चाळणी लावून. पहिली चाळणी वेळेची. पोस्ट पडल्यावर पहिल्या मिनिटात सात जण येऊन गेले होते. आठ ओळी आणि फोटो पाहून व्हायला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणजे त्या पोचा. दुसरी चाळणी मला जास्त कामाची वाटते: हाच प्रतिसाद दुसऱ्या एखाद्या पोस्टखाली जसाच्या तसा चालेल का? 'छान' हे वाढदिवसाखाली चालतं, दहावीच्या निकालाखाली चालतं, नव्या ट्रॅक्टरखालीही चालतं. आमचे एक बापू तर उद्या लाईट राहणार नाही या निरोपालाही 🙏 टाकतात. त्यांचा माझ्या पोस्टखालचा 🙏 म्हणजे कोऱ्या पावतीवरची सही. पण माणूस नेहमीची खूण सोडून वेगळं काही टाकतो, तेव्हा थांबावं. म्हणून चिन्ह पाहण्याआधी त्या माणसाची सवय आठवावी.

तिसरी खूण फोनमध्येच दडलेली आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज दाबून धरला की सहा चिन्हं आयती समोर येतात: 👍 ❤️ 😂 😮 😢 🙏. 2022 मध्ये ही सोय आली तेव्हा एवढीच होती. त्याच वर्षी पुढे हवं ते चिन्ह निवडता येऊ लागलं, पण त्यासाठी + दाबून शोधावं लागतं. मेसेजच्या कडेला चिकटलेला 👍 हा बोटाच्या एका टेकणीचा. कुणी + दाबून 🔥 शोधून लावला असेल, किंवा चिकटवण्याऐवजी खाली वेगळा मेसेज म्हणून एकच शब्द टाइप केला असेल, तर त्याने तुमच्यासाठी थोडा वेळ मोडलाय. तो हुंकार असायची शक्यता बरीच वाढते.

या चाळण्यांतून 31 पैकी खरे हुंकार उरले तीन. दोन तासांनी आलेला जिभाऊंचा एकच शब्द: 'तुराट्या', म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या. एका भाच्याचं 🌶️🌶️🌶️. आणि सुरतच्या आत्याबाईंचं 😢, जे पाहून मला आधी वाटलं होतं की बोट चुकलं असेल.

अंगठ्याची ही दुटप्पी चाल गावच्या ग्रुपपुरती नाही. कॅनडात एका धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो एका शेतकऱ्याला फोनवर पाठवला, शेतकऱ्याने उत्तरात 👍 टाकला. माल काही पोचला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, मी फक्त करार मिळाल्याचं कळवलं होतं. न्यायालयाने मात्र 2023 मध्ये तो अंगठा होकार धरला आणि भरपाई लावली 82 हजार डॉलरहून जास्त. त्या दोघांत आधीही फोनवरच्या आखूड उत्तरांवर सौदे झाले होते आणि ते पाळले गेले होते, हा मुद्दा तिथे वजनदार ठरला. म्हणजे त्या न्यायालयानेही चिन्हाआधी सवय पाहिली.

आता उत्तराकडे येतो. पोचेला उत्तर द्यायचं नसतं. पोचपावतीला आपण परत पोच पाठवत नाही. फार तर दिवसाच्या शेवटी सगळ्यांना मिळून एक ओळ पुरे. 'बापू, हात का जोडले?' असं विचारलंत तर बापू पुढच्या वेळी तेही जोडणार नाहीत.

हुंकाराला द्यायचं ते आजी देत होती तेच, गोष्टीचा पुढचा तुकडा. हूं म्हणणाऱ्याला आजीने कधी 'मग तुला काय वाटतं?' असं विचारलं नाही. ती दोन वाक्यं पुढे सरकायची आणि मध्ये एखादी जागा मोकळी सोडायची: 'आणि पेटीत काय निघालं असेल?' बोलणं जिवंत ठेवायला एवढंच लागतं, थोडं पुढे जाणं आणि त्या माणसालाच भरता येईल अशी एक फट ठेवणं. 'तुमच्याही आठवणी सांगा' ही फट नव्हे, तो निबंधाचा विषय झाला. ज्याने एक शब्द दिला त्याला एका शब्दात देता येईल असंच मागावं. तो आला की पुढचं मागणं किंचित मोठं करावं.

जिभाऊंना मी लिहिलं: "जिभाऊ, आमच्या आजीला तुराट्या चालायच्या नाहीत, फार लवकर विझतात म्हणायची. तुमना घर पऱ्हाट्या का तुराट्या?" शेवटचं वाक्य मुद्दाम अहिराणीत. आमच्याकडची एक अडचण बाहेरच्यांना लवकर कळत नाही. पारावर तासभर बोलणारा माणूस फोनवर 'छान' लिहून गप्प बसतो, कारण लिहायचं म्हटलं की त्याला शाळेतली मराठी आठवते आणि चुकायची भीती वाटते. बोली घरात बोलली, वहीत कधी लिहिली नाही. त्याचा एक शब्द पुष्कळदा आळसाचा नसतो, संकोचाचा असतो. समोरच्याने बोलीत लिहिलं की परीक्षा संपते. जिभाऊंचं उत्तर पाच मिनिटांत आलं: "तुराट्या. पऱ्हाट्यास्ना धूर लागस." म्हणजे पऱ्हाट्यांचा धूर भरताला लागतो. त्यावर गावातले दोघे चवताळून उठले, की धूर नाही तर भरीत कशाचं! जळण कसलं असावं यावर पाऊण तास भांडण रंगलं आणि त्यात माझं एकही वाक्य लागलं नाही. बापूही आले, अर्थात 🙏 घेऊन.

भाच्याच्या मिरच्यांना मी नुसतं 'किती?' विचारलं. त्याने '12' लिहिलं आणि तो विषय तिथेच मिटला. कधी हुंकार एका पावलाचाच असतो. दोनदा पुढे केलेला हात रिकामा परत आला तर तिसऱ्यांदा करू नये, असा माझा हिशेब आहे.

काही जागी मात्र ही चाळणी बाहेरच काढू नये. कुणी गेल्याच्या बातमीखालचा 🙏 पुरता असतो. तिथे 'शेवटी काय झालं होतं?' म्हणून बोलणं वाढवणाऱ्याला आमच्याकडे चांगलं म्हणत नाहीत. रात्री अकराचा 👍 बहुतेकदा 'आता झोपू दे' असतो. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी आलेला 👌 हा एका हाताने दिलेला असतो, दुसऱ्या हातात झोळी असते. त्याचा हुंकार असेल तर तो रात्री जेवणानंतर विचारावा.

राहिल्या आत्याबाई. भरताखाली 😢 कुणी सहज टाकत नाही, पण तो सगळ्यांसमोर उकलायचाही नव्हता. मी त्यांना वेगळा मेसेज केला, तोही टाइप न करता आवाजात, कारण त्यांना टाइप करायला चष्मा लागतो आणि तो नेहमी दुसऱ्या खोलीत असतो. म्हटलं, "आत्या, आजीचं वांग्यांचं टोपलं आठवतंय का तुम्हाला? मला फक्त त्याचा रंग आठवतो." उलट चार मिनिटांचा आवाज आला. त्यातली पहिली मिनिटभर नुसता पंख्याचा आवाज आणि मागे सुरतेची रिक्षा. मग त्यांनी सांगितलं की टोपलं शेणाने सारवलेलं होतं, आणि त्यांच्या लग्नानंतर पहिल्या चंपाषष्ठीला आजीने तेच टोपलं वांग्यांनी भरून, पऱ्हाट्यांची मोळी बांधून, एका ट्रकवाल्याबरोबर सुरतेला धाडलं होतं. वांगी पोचली. मोळी ट्रकवाल्याने वाटेत चहासाठी जाळली.