सिंकखाली साचलेलं पाणी वास मारतंय? ट्रॅपची वाटी आवळण्याआधी हे वाचा

आमच्याकडे येणाऱ्या फोनांत एक वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की पुढचं आम्ही मनातल्या मनात पूर्ण करतो. "सिंकखालच्या ट्रॅपमधून पाणी गळतंय, घाण वास येतोय, वाटी आवळून आवळून हात दुखले." ट्रॅप म्हणजे सिंकखालच्या पाइपातला, थोडं पाणी अडवून ठेवणारा भाग, आणि वाटी म्हणजे बॉटल ट्रॅपचा खालचा फिरकीचा भाग. हे पत्रक त्या आवळण्याबद्दल आहे. ते टळलं तर तुमचे हात वाचतील आणि आमची एक फेरी वाचेल.

आमच्या एका ग्राहक ताईंची हकिकत सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. त्यात आमची चूकही आहे, तीही सांगतो.

ताईंनी सिंकखालच्या कपाटात, ट्रॅपच्या बरोबर खाली, एक वाडगा ठेवला होता. सकाळी त्यात दोन बोटं पाणी साचलेलं असायचं, गढूळ, वर तेलकट तवंग, आणि कपाटाचं दार उघडलं की कुजक्या अंड्यासारखा भपकारा. त्यांनी वाडगा रोज घासला. वास आला की वाटी काढून आतला गाळ धुतला, परत लावली, जोरात आवळली. एका महिन्यात तीन वेळा पाइप साफ करायची पावडर ओतली. वास एक दिवस कमी व्हायचा आणि परत यायचा.

मग आम्हाला बोलावलं. आमचा माणूस दुपारी गेला. सिंक रिकामं होतं. त्याने दोन मिनिटं नळ सोडून पाहिला, ट्रॅपच्या बुडाला ओल दिसली, वाटीचा रबर वॉशर दबून चपटा झालेला दिसला, म्हणून तो बदलला आणि निघून आला. वॉशर खरंच जुना होता, त्यामुळे काम केल्यासारखंही वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडग्यात पाणी होतंच.

गुंता सोडवला तो शेजारच्या काकूंनी. काकू काही प्लंबर नाहीत. पण त्यांच्या जुन्या घराचं छप्पर गळायचं, आणि कौल एका ठिकाणी फुटलेलं असताना पाणी वाशावरून ओघळत जाऊन भलत्याच खोलीत टपकायचं, हे त्यांनी बरीच वर्षं पाहिलं होतं. त्यांनी ताईंना एकच प्रश्न विचारला: "वाडगा भरतो कधी, दिवसा की रात्री?"

ताईंना ते ठाऊकच नव्हतं. त्यांनी त्या दिवसापासून पाहायला सुरुवात केली. दिवसभर नळ चालू-बंद होत राहिला तरी वाडगा कोरडा. रात्री भांडी भिजत घालायला सिंकला बूच लावून पाणी भरलं की सकाळी वाडगा भरलेला. काकू म्हणाल्या, "अगं, ट्रॅप गळत असता तर पाणी त्यातून जाताना गळलं असतं. इथे तर पाणी वर अडवून ठेवलंय, ट्रॅपपर्यंत पोचलेलंच नाही."

दोघींनी मिळून सगळा पाइप जुन्या फडक्याने कोरडा केला. प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपरची एकेक पट्टी गुंडाळली. बूच लावून सिंक भरलं आणि पंधरा मिनिटं वाट पाहिली. वाटीभोवतीचा कागद कोरडा राहिला. सर्वांत वरचा, सिंकच्या बुडाला लागून असलेल्या कपलिंगच्या नटाभोवतीचा, आधी भिजला. मग एक थेंब त्या नटावरून सुटला, उभ्या पाइपवरून ओघळला, ट्रॅपच्या अंगावरून घसरत वाटीच्या बुडाशी येऊन थांबला आणि वाडग्यात पडला. वाटी सर्वांत खाली असते, म्हणून वरून ओघळलेलं सगळं पाणी तिथूनच टपकतं.

आता कपलिंगचं थोडं. सिंकच्या भोकात वरून जी स्टीलची जाळीवाली चकती बसते, तीच कपलिंग. तिची कड सिंकच्या बुडावर टेकते. कडेखाली पुट्टी, सिलिकॉन किंवा रबर असतो, आणि खालून एक वॉशर लावून नट आवळलेला असतो. बूच या कपलिंगच्या आत बसतं. त्यामुळे सिंक भरलं की कडेभोवती पाणी उभं राहतं. कडेखालची पुट्टी सुटली असेल तर पाणी तिथून झिरपत कपलिंगच्या बाहेरून खाली उतरतं. नुसता नळ सोडला की पाणी सरळ भोकातून जातं, कडेवर दाब येतच नाही. म्हणून आमच्या माणसाला दुपारी ही वरची गळती दिसलीच नाही.

पुट्टी सुटली कशी, हे आम्ही परत गेल्यावर कळलं. ताई पकडीने वाटी आवळत होत्या. आवळताना जो पीळ बसतो तो वाटीपुरता राहत नाही. ट्रॅपचं अंग फिरतं, त्यासोबत उभा पाइप फिरतो आणि पाइपला जोडलेली कपलिंग सिंकच्या भोकात किंचित वळते. कपलिंग जेमतेम केसभर हलली तरी वाळलेली पुट्टी तडकते. सुरुवातीला बहुधा वाटीचाच वॉशर थोडा पाझरत असावा, पण तो बंद करण्याच्या नादात वर दुसरी गळती तयार झाली. जितकं आवळलं तितकी ती वाढली. वाटीच्या आट्यांपाशी बारीक चीरही पडली होती. पकडीने आवळलेल्या प्लास्टिकच्या वाटीत अशी चीर आम्हाला नेहमी दिसते.

म्हणून आमची एकच विनंती. वाटी हाताने लावा, हाताला जितकं जमतं तितकीच. पाणी थांबवतो तो आतला रबर. तो नीट खाचेत बसला, स्वच्छ असला आणि कडक झालेला नसला की हाताची पकड पुरते. जास्त आवळलं की रबर बाहेर फुगतो आणि एका बाजूने निसटतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून इथे फायदा नाही, कारण या सांध्यात पाणी आट्या अडवत नाहीत, वॉशर अडवतो. वाटी उघडायचीच असेल तर दुसऱ्या हाताने ट्रॅपचं अंग घट्ट धरा, म्हणजे पीळ वर जाणार नाही.

आता वासाबद्दल. वाटीत पाणी उभं असतं ते घाण साचली म्हणून नव्हे. ते तिथे हवंच. साधारण ५० ते ७५ मिलिमीटर खोलीचा तो पाण्याचा अडसर गटाराची हवा घरात येऊ देत नाही, आणि सिंक वापरलं की ते पाणी बदलतं. म्हणून वाटी धुऊन लावल्यावर वरून तांब्याभर पाणी ओता, नाहीतर तोपर्यंत गटाराचा वास थेट वर येतो. ताईंच्या वाडग्यातलं पाणी मात्र बदलत नव्हतं. त्यात भांड्यांचं तेल आणि अन्नाचे कण होते, ते बंद कपाटात रात्रभर उभं राहायचं. अशा पाण्यातला प्राणवायू जिवाणू संपवून टाकतात आणि मग कुजक्या अंड्याचा वास सुटतो. भोकातून ओतलेली पावडर पाइपातून पुढे जाते, वाडग्यापर्यंत पोचतच नाही.

वास वाडग्याचा की पाइपचा, हे ओळखायचं असेल तर वाडगा काढून कपाट पुसून कोरडं करा, दोन दिवस सिंक भरू नका आणि दार उघडं ठेवा. वास कमी झाला तर तो साचलेल्या पाण्याचा. कपाट कोरडं असूनही सिंकच्या भोकापाशी नाक नेल्यावर येत असेल तर पाइपचा, आणि ते काम वेगळं. फळीने पाणी शोषलं असेल तर गळती थांबल्यावरही तिला वाळायला काही दिवस लागतात. त्या काळात वास थोडा राहिला म्हणून काम फसलं असं समजू नका.

दुरुस्तीला आम्ही नट सोडून कपलिंग वर उचलली, जुनी पुट्टी सिंकच्या दोन्ही बाजूंनी खरवडली, जागा कोरडी केली. कडेखाली नवं सिलिकॉन, खालून नवा रबर वॉशर. नट आवळताना एक माणूस वरून कपलिंग धरून ठेवतो, नाहीतर तीच चूक आम्हीही करू. चीर पडलेली वाटी बदलायला ट्रॅपच नवा घातला, कारण वेगळ्या ट्रॅपची वाटी क्वचितच नीट बसते. सिलिकॉन पक्कं व्हायला २४ तास लागतात. तोवर सिंक भरू नये, असं आम्ही सांगतो, आणि खूप जण संध्याकाळीच भरतात. ताईंनी नाही भरलं. दुसऱ्या दिवशी परत टिश्यू लावून पंधरा मिनिटं सिंक भरलेलं ठेवलं, सगळे कागद कोरडे राहिले.

त्या प्रकरणानंतर आम्ही पद्धत बदलली. आता आमचा माणूस आला की पहिली वीस-पंचवीस मिनिटं हत्यार हातात घेत नाही. पाइप कोरडा करतो, कागद गुंडाळतो, सिंक भरतो, नुसता बघत बसतो. मग पाणी सोडून परत बघतो, म्हणजे खालचे सांधेही तपासले जातात. "नुसतं बघायचे पैसे का?" असं काही जण विचारतात. आम्ही पैसे घेतो ते दुसरी फेरी पडू नये म्हणून, आणि न बघता वॉशर बदलून गेलो तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. गळती नळाच्या जोडनळीची निघाली, तर तेही याच वेळात कळतं. ते पाणी स्वच्छ असतं आणि सिंक वापरात नसतानाही येत राहतं. काढलेला वॉशर आणि तुटलेला भाग आम्ही तुमच्याकडेच ठेवून जातो. पुढच्या वेळी कोणाकडूनही काम करून घेतलंत तरी माप हाताशी असेल.

फोन करताना पाणी कधी येतं ते सांगा: सिंक भरल्यावर, रिकामं करताना, की नळ बंद असतानाही. शेवटची पावडर किंवा अ‍ॅसिड कधी ओतलं तेही सांगा. वाटी उघडल्यावर ते आमच्या माणसाच्या हातावर आणि डोळ्यात येऊ शकतं, म्हणून हे लपवू नका, आम्ही ओरडणार नाही. कपाटातलं सामान बाहेर काढून ठेवा, सिंकमधली भांडी उचलून ठेवा. पाइप मात्र आम्ही येण्याआधी घासून चकचकीत करू नका. त्यावर वाळलेले पांढरे ओघळ वरून खाली कुठून उतरलेत, ते आम्हाला बघायचं असतं.