बिडाला धूर हवा, नॉनस्टिकला नको

गेल्या पावसाळ्यात माझे दोन तवे एकाच आठवड्यात बिघडले. बिडाच्या तव्यावर तांबूस गंज आला आणि नॉनस्टिकवर घावन चिकटायला लागलं. दोन्हींत चूक माझीच. नवाकोरा नॉनस्टिक मी बिडासारखा ‘तयार’ केला होता. म्हणजे तेल फासून मोठ्या आचेवर धूर निघेपर्यंत तापवला, आणि तेही एकदा नाही, दर रविवारी. बिडाचा तवा मात्र नॉनस्टिकच्या सवयीने साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवला.

दोन्ही तवे काळे, दोन्हींवर घावन सुटून यायला हवं, दोन्हींना वापरण्याआधी तेल लावा म्हणून सांगतात. त्यामुळे घोळ होतो. पण काळा रंग कशाचा आहे, ते पाहिलं की कोणाला काय चालतं हे कळतं.

बिडाच्या तव्यावरचा काळा थर तेलाचाच असतो. तेल पातळ पसरून खूप तापवलं की त्यातले रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांत गुंफले जातात आणि कडक, कोरडा पापुद्रा तयार होतो. तो बिडाच्या खरखरीत पृष्ठभागात घट्ट बसतो. यालाच सीझनिंग म्हणतात. हा थर आपणच चढवतो, त्यामुळे गेला तर परतही चढवता येतो.

नॉनस्टिकवरचा थर कारखान्यात येतो. अॅल्युमिनियम आधी खरखरीत करतात, त्यावर धरून ठेवणारा अस्तराचा थर देतात आणि मग टेफ्लॉन नावाने ओळखलं जाणारं प्लास्टिक भट्टीत भाजून बसवतात. (ज्याला काहीच चिकटत नाही ते तव्याला कसं चिकटतं, याचं उत्तर त्या अस्तरात आहे.) हा थर घरी वाढवता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही. त्याची निगा म्हणजे फक्त झीज लांबवणं.

आता माझा गंजलेला तवा. तारेच्या घासणीने तांबूस भाग करडा होईपर्यंत घासला, साबणाने धुतला आणि लगेच मंद आचेवर ठेवून कोरडा केला. फडक्याने पुसून भागत नाही, बिडाच्या खरखरीत खाचांत पाणी राहतं. तवा हाताला चांगला गरम लागेल इतपत झाल्यावर अर्धा चमचा शेंगदाण्याचं रिफाइंड तेल सगळीकडे चोळलं, मागच्या बाजूला आणि कडेलाही. मग दुसरं सुती फडकं घेऊन ते सगळं पुसून काढलं, जणू तेल चुकून सांडलं होतं. बहुतेकांचं इथेच बिनसतं. तेल जास्त राहिलं तर कडक पापुद्रा न होता चिकट, मधासारखा थर होतो आणि त्यावर बोटाचा ठसा उमटतो. तसं झालंच तर नवीन तेल लावू नका. तवा पुन्हा तापवत ठेवा, बऱ्याचदा तो चिकटपणा वाळून जातो. तरी राहिला तर घासून काढा.

मग खिडकी उघडून मध्यम आचेवर ठेवला. धूर सुरू झाला की घाबरून गॅस बंद करायचा नाही. धूर कमी होत जवळजवळ थांबेपर्यंत तापू द्यायचं, माझ्या शेगडीवर त्याला पंधरा मिनिटं लागली. घरगुती शेगडीची ज्योत मधेच लागते, म्हणून तवा थोडा थोडा सरकवत राहिले. नाहीतर मध्य काळा आणि कडा तपकिरी राहतात. ओव्हन मोठा असेल तर तवा उपडा ठेवून २३० अंशांवर तासभर ठेवणं जास्त सोपं, कारण उष्णता सगळीकडून सारखी लागते. निवल्यावर पुन्हा तेल, पुन्हा पुसणं, पुन्हा धूर. असे पाच थर दिले. करड्याचा तपकिरी आणि मग काळसर झाला, बोट फिरवलं तर कोरडा लागला.

पहिलं घावन तरी फाटलंच. म्हणून पहिले आठ-दहा दिवस त्यावर तेल सोडून थालीपिठं लावली. रोजच्या वापराने थर पक्का होतो, ते काम पाच थरांत संपत नाही. चिंच, कोकम, टोमॅटो घातलेलं काही मात्र त्यात शिजवलं नाही, आंबट पदार्थ कोवळा थर खातात. थोडा साबण लावून पटकन धुवायला हरकत नाही. बुडवून ठेवलं, की बाधतं.

नॉनस्टिकच्या बाबतीत याच्या अगदी उलट. बिडासाठी जो धूर हवा होता, तोच इथे धोक्याची घंटा. रिफाइंड तेल साधारण २३० अंशांच्या आसपास धुरायला लागतं आणि टेफ्लॉन साधारण २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतं. म्हणजे तेल धुरलं तेव्हा आपण मर्यादेच्या अगदी जवळ असतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच ही मर्यादा ओलांडतो, आणि तेव्हा निघणारी वाफ पिंजऱ्यातल्या पोपटाचा जीव घेऊ शकते. म्हणून मध्यम आच, आणि तापवायला ठेवतानाच थोडं तेल. पाण्याचा थेंब चुरचुरला की पीठ घालायचं, वाट पाहायची नाही.

पण माझं घावन चिकटत होतं ते कोटिंग गेल्यामुळे नव्हतं, निदान सगळं तरी नव्हतं. तव्यावर तपकिरी, किंचित चिकट डाग होते आणि बोट फिरवलं की अडखळत होतं. बिडावर मी मेहनतीने चढवलेला तेलाचा थरच इथे नकळत चढला होता, आणि त्यानेच टेफ्लॉन झाकून टाकलं होतं. रोज तेल लावून मोठ्या आचेवर वापरलं की हेच होतं. तव्यात दोन वाट्या पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून दहा मिनिटं मंद उकळलं, निवू दिलं, मऊ स्पंजने पुसलं. दोनदा केल्यावर बहुतेक डाग गेले आणि घावन पुन्हा सरकायला लागलं. गरम तवा नळाखाली धरू नये, हे दोघांनाही लागू: बीड तडकू शकतं, अॅल्युमिनियम वाकतं आणि मग शेगडीवर डुगडुगतं.

मधोमध स्टीलच्या कलथ्याचे दोन ओरखडे मात्र राहिलेच. तिथे खालचं अॅल्युमिनियम चंदेरी दिसतं. त्यावर सोडा चालत नाही, तेल चढवून उपयोग नाही. अशा जागा वाढत गेल्या की तवा बदलायचा. तोवर मी लाकडी उलथणं वापरते आणि कपाटात दोन तव्यांमध्ये जुनं सुती फडकं घालते.

बाद झालेला नॉनस्टिक बिर्याणीच्या पातेल्याखाली दमाला ठेवायची आमच्याकडे चाल होती. ती मी बंद केली. दमाला तवा अर्धा तास कोरडाच तापत राहतो आणि उरलेलं कोटिंग तिथेच धुरतं. ते काम आता बिडाच्या तव्याचं. त्याला त्याचं काही वाटत नाही, नंतर तेलाचा एक हात फिरवला की झालं.