लसूण, ‘पातळ रक्त’ आणि सात दिवसांचा नियम

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाकडे तपासणीला गेलं की हल्ली एक प्रश्न येतोच: लसणाच्या गोळ्या किंवा कच्चा लसूण घेता का? घेत असाल तर सात दिवस आधी बंद करा. कागदावर ही ओळ इतकी ठाम छापलेली असते, की वाचणाऱ्याला वाटावं यामागे हजारो पेशंटांचा अभ्यास असेल. प्रत्यक्षात या ओळीचा इतिहास मोजक्या पेशंटांच्या कहाण्या, प्रयोगशाळेतलं एक रसायन आणि थोडं अंकगणित एवढाच आहे. तो माहीत असला की नियम कुठे पाळायचा आणि कुठे त्याचा बाऊ करायचा नाही, हे कळतं.

जुन्या काळात फार रेंगाळत नाही. आयुर्वेदाच्या संहितांनी लसणाचं भरपूर कौतुक केलं, पण त्याच दमात तो रक्तपित्त बिघडवतो असंही लिहून ठेवलं. नाकातोंडातून रक्त जाणाऱ्या माणसाला लसूण देऊ नये, हे वैद्यांना ठाऊक होतं. पण रक्तपित्त म्हणजे आजच्या भाषेतला प्लेटलेटचा दोष नव्हे. ‘आमच्याकडे हे आधीपासून होतं’ म्हणणाऱ्यांनी तेवढं भान ठेवलेलं बरं.

आपल्या उपयोगाची गोष्ट १९७०च्या दशकात सुरू होते. हृदयविकारावर लसूण गुणकारी आहे का, हे तेव्हा भारतातच बऱ्यापैकी तपासलं जात होतं. राजस्थानातल्या डॉक्टरांनी लसणाच्या तेलावर काम केलं. पुण्यातल्या डॉक्टरांना एक नामी कल्पना सुचली: जैन समाजात लसूण-कांदा अजिबात न खाणारे, थोडा खाणारे आणि भरपूर खाणारे असे तिन्ही गट सापडतात आणि बाकीचा आहार साधारण सारखाच असतो. १९७९मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत भरपूर खाणारा म्हणजे आठवड्याला पन्नास ग्रॅम लसूण आणि सहाशे ग्रॅम कांदा खाणारा. अजिबात न खाणाऱ्यांच्या रक्तात फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचं जाळं विणणारं प्रथिन, जास्त निघालं. हा लसूण मुख्यतः रोजच्या जेवणातला होता, आणि ऑपरेशनचा तर विषयच नव्हता. त्या काळी गुठळी कमी होणं ही आनंदाची बातमी होती. तीच गोष्ट ऑपरेशनच्या टेबलावर तोट्याची ठरेल, हा विचार नंतर आला.

१९८४मध्ये व्हेनेझुएला आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी लसणातून एक पदार्थ वेगळा काढला. लसणाला स्पॅनिशमध्ये ‘आहो’ म्हणतात, त्यावरून त्याचं नाव ठेवलं अहोईन. तो प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही, आणि प्लेटलेटवर त्याचा परिणाम कायमचा राहतो असं दिसलं. अख्ख्या पाकळीत मात्र तो नसतो. पाकळी चिरली किंवा ठेचली की अलिनेज नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ॲलिसिन बनतं. ठेचल्यावर जो झणझणीत वास येतो तो याचाच. ॲलिसिन फुटत जाताना, विशेषतः तेलात, अहोईन तयार होतं.

इथे एका शब्दाने सगळा घोळ केला आहे: ‘रक्त पातळ होणं’. आपल्याकडे ॲस्पिरिनही रक्त पातळ करणारी गोळी, वॉर्फरिन-निकुमॅलोनही तीच, आणि लसूणही तेच करतो. खरं तर यांतल्या कशानेही रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. जखम झाली की आधी प्लेटलेट येऊन भोकाला बूच बसवतात, मग रक्तातली प्रथिनं त्या बुचावर जाळं विणून ते पक्कं करतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल पहिल्या कामात अडथळा आणतात. वॉर्फरिन आणि निकुमॅलोन व्हिटॅमिन ‘के’चं चक्र अडवून दुसरं काम ढिलं करतात. आयएनआर नावाची तपासणी फक्त दुसरं काम मोजते. लसणाचा ठाऊक असलेला परिणाम मुख्यतः पहिल्या कामावर आहे. म्हणजे लसणामुळे रक्तस्रावाचा धोका वाढला असला तरी आयएनआर चोख येऊ शकतो.

याचं उदाहरण माझ्याच तपासणीच्या टेबलावरचं, दोन-तीन पेशंट मिळून एक केलेलं. बासष्ट वर्षांचे काका, हृदयात कृत्रिम झडप, रोज निकुमॅलोन, हर्नियाचं ऑपरेशन नऊ दिवसांवर. आयएनआर २.८, त्यांच्या झडपेसाठी हवा तसाच. पण ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं आणि दंडावर निळे डाग. “काका, सकाळी उठल्यावर काही घेता का?” “काही नाही हो, फक्त चहा.” मागून काकू म्हणाल्या, “फक्त चहा काय? सहा पाकळ्या ठेचून मधात कालवून खातात, मोबाइलवर कुणीतरी पाठवलंय म्हणून.” तीन महिने चाललं होतं. लसूण हे ‘औषध’ नव्हे, त्यामुळे विचारल्याशिवाय सांगायचं त्यांच्या डोक्यात आलंच नाही. निकुमॅलोनने एक दार बंद केलं होतं, लसणाने बहुधा दुसरंही अर्धं लोटलं होतं, आणि रिपोर्टमध्ये फक्त निकुमॅलोनचं दिसत होतं. लसूण त्याच दिवशी बंद केला. निकुमॅलोन कधी थांबवायची ते हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवलं. आठवडाभरात हिरड्या शांत झाल्या. लसणामुळेच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही, पण बदललं होतं ते तेवढंच.

आता त्या सात दिवसांकडे. १९९०मध्ये अमेरिकेतून एक केस छापून आली. ८७ वर्षांचा माणूस, मार लागलेला नाही, आणि मणक्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर रक्त साचून पाय लुळे पडले. तो हृदयासाठी रोज चार पाकळ्या लसूण खायचा, आणि त्याचा ‘ब्लीडिंग टाइम’, म्हणजे टोचल्यावर रक्त थांबायला लागणारा वेळ, लांबलेला होता. अहवालात चार पाकळ्या म्हणजे सुमारे दोन ग्रॅम असं धरलं आहे. आपल्या बाजारातली मोठी पाकळी एकटीच तीन-चार ग्रॅम भरते, म्हणून ‘पाकळ्या’ हे माप किती फसवं आहे ते इथेच दिसतं. १९९५मध्ये प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर आणि सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर जास्त रक्तस्राव झाल्याच्या केसेस आल्या. प्रोस्टेटच्या पेशंटच्या बाबतीत दोष लसणाच्या गोळ्यांवर गेला.

मग २००१मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात वनौषधी आणि ऑपरेशन यांचा आढावा आला, आणि त्यात लसूण किमान सात दिवस आधी थांबवा असं लिहिलं गेलं. हा आकडा कुठून आला? अहोईनचा परिणाम कायमचा मानला तर त्या प्लेटलेट मरून नव्या येईपर्यंत थांबणं भाग आहे. प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते आणि रोज साधारण दहावा हिस्सा नवा येतो. म्हणजे ॲस्पिरिनचाच हिशोब उचलून लसणाला लावला. लसूण थांबवलेले आणि न थांबवलेले पेशंट समोर ठेवून काढलेला हा आकडा नव्हे. त्याच सुमारास अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सगळ्याच वनौषधींसाठी दोन आठवडे सांगितले होते.

उलट बाजूही तितकीच वजनदार आहे. पाठीत इंजेक्शन देऊन भूल देणाऱ्यांच्या संघटनेने २००३मधल्या शिफारशींत लसूण, गिंको आणि जिनसेंग यांची नावं घेऊनच म्हटलं, की केवळ यांच्यामुळे मणक्यात रक्त साचण्याचा धोका लक्षणीय वाढतो असं दिसत नाही. त्यासाठी ऑपरेशन रद्द करण्याची किंवा पाठीत भूल टाळण्याची सक्ती नको. मणक्यातल्या रक्तस्रावाची केस ज्यांना सर्वांत जास्त टोचायला हवी, त्यांनीच हे म्हणावं, ही बाब मला महत्त्वाची वाटते. २००७मध्ये व्हिएन्नात निरोगी माणसांना दह्यातल्या कोशिंबिरीतून ४.२ ग्रॅम कच्चा लसूण दिला आणि काही तासांनी प्लेटलेट तपासल्या. आठवडाभर रोज लसूण खाल्ल्यावरही तपासल्या. फरक आढळला नाही. जेवणातल्या लसणासाठी हा पुरावा मी पुरेसा मानतो. पण हे सगळे निरोगी होते, ॲस्पिरिन किंवा वॉर्फरिन घेणारे नव्हते, आणि त्यांचा डोस सहा मोठ्या पाकळ्यांच्या जवळही जात नव्हता.

१९९०च्या केसचा मुख्य आधार असलेली ब्लीडिंग टाइमची तपासणीही पुढे मागे पडली. टोचायचं आणि रक्त कधी थांबतं ते घड्याळात बघायचं, एवढीच ती तपासणी. ऑपरेशनमध्ये कोणाला जास्त रक्तस्राव होईल हे तिच्यावरून कळत नाही, असं अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांनी १९९८मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे ‘बीटी-सीटी’मध्ये हीच तपासणी अजून सर्रास लिहून दिली जाते. ती नॉर्मल आली म्हणून लसणाची चौकशी सोडू नये, आणि थोडी लांबली म्हणून ऑपरेशनही सोडू नये.

फोडणीतल्या लसणाचं काय, हे घरचे हमखास विचारतात. त्याचं बऱ्यापैकी उत्तर अर्जेंटिनातल्या २००७च्या प्रयोगात आहे. अख्ख्या पाकळ्या सहा मिनिटं उकळल्या किंवा भट्टीत तापवल्या की प्लेटलेटवरचा परिणाम पूर्ण गेला, कारण एन्झाइम जागं होण्याआधीच मेलं. आधी ठेचलेल्या लसणात तो कमी झाला, पण शिल्लक राहिला. दहा मिनिटांहून जास्त तापवल्यावर दोन्हींतला गेला. म्हणून वरणाच्या फोडणीतल्या दोन पाकळ्यांसाठी घरातला स्वयंपाक आठवडाभर बेचव करायचं कारण नाही. ठेचून तसाच गिळलेला लसूण, तेलात मुरवलेला लसूण आणि लसणाच्या गोळ्या यांची गोष्ट वेगळी.

माझा कल सात दिवसांकडे आहे, पण मोठ्या प्रमाणात कच्चा खाणाऱ्यांपुरता. थांबवण्यात काही नुकसान नाही आणि ॲस्पिरिनसारखं त्यावर कुणाचं स्टेंट अवलंबून नसतं. तातडीचं ऑपरेशन असेल तर लसणासाठी थांबायचं नाही. सर्जनला आधी सांगून ठेवायचं, म्हणजे कॉटरी मारून, म्हणजे रक्तवाहिनीला चटका देऊनही जखम झिरपतच राहिली तर कारण शोधायला वेळ जात नाही.

याहून जास्त भीती मला उलट्या प्रकाराची वाटते. स्टेंट बसवलेला एखादा पेशंट म्हणतो, “लसणाने रक्त पातळ राहतंच, मग ॲस्पिरिनची गोळी मीच बंद केली.” त्याला स्टेंट कधी बसवलं ते विचारायचं, आणि उत्तर ‘चार महिन्यांपूर्वी’ असलं तर, नव्या स्टेंटमध्ये गोळीशिवाय गुठळी होण्याची भीती असते म्हणून, भुलेचा विचार बाजूला ठेवून आधी त्याच्या हृदयाच्या डॉक्टरला फोन लावायचा.