हायरा शीटमधला सगळ्यात तरुण रकाना

दुपारी तीनला दुसरी शिफ्ट लागते तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कुठल्याही बल्क ड्रग कारखान्यात शिफ्ट सुपरवायझरच्या टेबलावर एक जाड फाइल असते. तिच्यातल्या धोके ओळखण्याच्या तक्त्याला कागदावर हायरा म्हणतात, बोलण्यात मात्र त्याचा ‘हिरा’ होऊन जातो. आडव्या पानावर डावीकडून उजवीकडे रकाने असतात : काम, धोका, सुरुवातीचं रेटिंग, नियंत्रणं आणि शेवटी नियंत्रणांनंतर उरणाऱ्या धोक्याचं रेटिंग. हे सगळे रकाने एकाच वेळी जन्मले असतील असं पान पाहून वाटतं, पण तसं नाही. प्रत्येकाचं वय वेगळं आहे, आणि शेवटचा सगळ्यात तरुण आहे. बहुतेक वेळा तोच सगळ्यात निष्काळजीपणे भरलेला असतो.

काम पायऱ्यांमध्ये तोडून प्रत्येक पायरीला काय इजा होऊ शकते हे लिहिण्याची रीत गेल्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अमेरिकी कारखान्यांमधून आली. नियंत्रणांचा रकाना आपल्याकडे आधी कायद्याच्या भाषेत आला. 1948च्या कारखाना अधिनियमाचं कलम 36 वाचलं तर आजच्या तक्त्याची एक अख्खी ओळच सापडते. टाकीत किंवा खड्ड्यात विषारी वायू असण्याची शक्यता असेल तर माणूस आत कधी उतरेल? सक्षम व्यक्तीने स्वतः तपासणी करून आत धोका नसल्याचं लेखी दिलं असेल तरच. नाहीतर त्याने श्वसनयंत्र लावलेलं हवं, कमरेला दोर बांधलेला हवा, आणि त्या दोराचं मोकळं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात हवं. कलम 36-अ तर आत न्यायच्या हातदिव्याचे व्होल्टही सांगत होतं : जास्तीत जास्त 24. कायद्यात आकडे होते ते असे. धोका किती मोठा, हे मोजणारा आकडा कुठेच नव्हता.

वागळे इस्टेटपासून सुरू झालेली एमआयडीसीची वाढ पुढे दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत रसायनांचा पट्टा उभा करत गेली, ती याच कायद्याखाली. मग 2-3 डिसेंबर 1984ची भोपाळची रात्र आली. त्या कारखान्यात नियंत्रणं नव्हती असं नाही. एमआयसी म्हणजे मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाची टाकी थंड ठेवणारी रेफ्रिजरेशन यंत्रणा होती, पण ती बंद केलेली होती. सुटलेला वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर होता, पण त्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारा व्हेंट गॅस स्क्रबर होता, तो स्टँडबायवर होता. कागदावर मोजली तर तिन्ही नियंत्रणं जागेवर होती, आणि त्या रात्री वायू अडवायला एकही पुरलं नाही.

1987च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण 4-अ आलं. कारखान्यातल्या धोक्यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणं त्यातल्या 41-बी कलमाने बंधनकारक केलं. 41-सी कलमाने घातक पदार्थ हाताळण्यावर देखरेख ठेवायला पात्र आणि अनुभवी माणसं नेमायला सांगितलं. शिफ्ट सुपरवायझरची खुर्ची त्याआधीही होती, पण घातक पदार्थ हाताळताना तिथे कोण बसू शकतं हे आता कायद्यात आलं.

रेटिंगचे रकाने त्यानंतरचे आहेत. 1996 साली ब्रिटनमध्ये कामाच्या जागी सुरक्षितता कशी सांभाळायची याची बीएस 8800 ही मार्गदर्शिका निघाली. तिच्यात शक्यता आणि तीव्रता यांचा तीन बाय तीनचा साधा तक्ता होता, आणि तोही आकड्यांत नसून शब्दांत होता. 1999मध्ये ओहसास 18001 हे त्याच विषयाचं, प्रमाणपत्र मिळवता येणारं मानक आलं. निर्यातीचे ग्राहक प्रमाणपत्र विचारू लागले तसे आपल्या पट्ट्यातले कारखानेही हा तक्ता भरू लागले. एक ते पाचचे आकडे आणि त्यांचा गुणाकार ही पुढची सोय. ओहसासच्या 2007च्या आवृत्तीने नियंत्रणांची उतरंड ठरवून दिली : आधी धोकाच काढून टाका, मग पदार्थ बदला, मग अभियांत्रिकी उपाय, मग पाट्या आणि कार्यपद्धती, सगळ्यात शेवटी हातमोजे-मास्क. 2018च्या आयएसओ 45001नेही ही उतरंड ठेवली. नियंत्रण लावल्यावर धोका नेमका किती कमी झाला हे दाखवायची गरज अशी वाढत गेली, आणि उरलेल्या धोक्याचा रकाना रुळला.

या इतिहासाचा एक परिणाम असा झाला की अनेक ठिकाणी शेवटचा रकाना ऑडिटरसाठी भरला गेला. आकडा हिरव्या रंगात, म्हणजे कमी धोक्याच्या पट्ट्यात यायला हवा, म्हणून तो हिरवा केला गेला. रिअ‍ॅक्टर आतून साफ करण्याची ओळ घेऊ. त्यात ‘आत उतरणे’ ही पायरी असते. धोका : नायट्रोजनमुळे ऑक्सिजनची कमतरता. सुरुवातीचं रेटिंग : शक्यता 4, तीव्रता 5, म्हणजे 20. नियंत्रणं : मास्क, प्रशिक्षण, परमिट. उरलेला धोका : 1 गुणिले 2, म्हणजे 2. हिरवं.

इथे दोन चुका आहेत. पहिली तीव्रतेची. मास्क आणि प्रशिक्षण कितीही असलं तरी आत ऑक्सिजन नसेल तर परिणाम मृत्यूच, म्हणून 5चे 2 होऊ शकत नाहीत. या नियंत्रणांनी कमी झालीच तर शक्यता कमी होईल. दुसरी चूक मास्कची. कार्ट्रिजचा मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. नायट्रोजनला वास नसतो आणि त्यात गुदमरल्यासारखंही होत नाही, कारण श्वासाची तगमग शरीरात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते आणि तो तर नेहमीसारखाच बाहेर पडत असतो. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. 19.5च्या खाली प्रवेश नाही. 10च्या खाली माणूस सावध व्हायच्या आत बेशुद्ध पडतो.

हीच ओळ नीट भरली तर नियंत्रणांत आधी नायट्रोजनच्या लाइनला ब्लाइंड, म्हणजे पाइप पुरता बंद करणारी चकती लावणं येईल. त्यानंतर ब्लोअरने हवा खेळवणं, वर-मध्ये-खाली अशा तीन पातळ्यांवर ऑक्सिजन मोजणं, आणि मॅनहोलशी दोर धरून उभा राहणारा माणूस. शक्यता 2, तीव्रता 5, उरलेला धोका 10. हा आकडा पिवळा आहे, आणि तो पिवळाच राहायला हवा.

सुपरवायझरने हे पान वाचताना 10 हा आकडा रिअ‍ॅक्टरचा आहे असं धरू नये. तो त्या चार नियंत्रणांचा आहे. समजा संध्याकाळी सातला कळलं की ब्लाइंड लावलेलाच नाही, फक्त व्हॉल्व्ह बंद करून टॅग अडकवलाय. व्हॉल्व्ह आतून गळतो हे प्रत्येक फिटरला माहीत असतं. मग शक्यता परत 4वर जाते, त्या शिफ्टपुरता उरलेला धोका 20 होतो आणि परमिटवर सही होत नाही. वर्षभरापूर्वी छापलेल्या पानावर काय लिहिलंय याने त्यात फरक पडत नाही.

म्हणून शिफ्टच्या वहीत यादी उतरवताना काही जुने सुपरवायझर छापील पानात नसलेला एक रकाना हाताने ओढतात : ‘आज जागेवर?’ वरच्या ओळीची त्यांची नोंद साधारण अशी दिसते. काम : रिअ‍ॅक्टरमध्ये उतरणे. धोका : ऑक्सिजन कमी. ब्लाइंड : नाही, व्हॉल्व्ह फक्त. ब्लोअर : आहे. तपासणी : 18:40, खाली 19.1. दोरावर माणूस : आहे. छापील 10, आज 20. काम थांबवलं, फिटरला ब्लाइंडसाठी सांगितलं, ब्लाइंड लागल्यावर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.