चीजवर बुरशी आली तर कापून वाचतं, मग पनीर का वाचत नाही?

फ्रिजमधून चेडरचा ब्लॉक काढला, कोपऱ्यात हिरवट डाग दिसला, तेवढा भाग कापला आणि उरलेलं खाल्लं तर चालतं. पण तसाच डाग पनीरवर दिसला तर सगळं पनीर टाकून द्यायचं. बऱ्याच जणांना हे पटत नाही, कारण दोन्ही दुधाचेच पदार्थ, बुरशी पण दिसायला तशीच, मग एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा असं का? कारण एकदम ठोस आहे आणि ते समजलं की कुठे कापायचं, किती कापायचं आणि कधी सुरी बाजूला ठेवून सरळ कचऱ्याचा डबा उघडायचा हे पाठ करावं लागत नाही.

आधी तो डाग म्हणजे नक्की काय ते बघू. बुरशीचं खरं शरीर म्हणजे अतिशय बारीक, रंगहीन धागे, हे पदार्थात शिरतात, तिथे एन्झाइम सोडतात आणि विरघळलेलं अन्न शोषून घेतात. सुरुवातीला काहीच दिसत नाही, मग पांढरी लव दिसते आणि त्यानंतर हिरवा, निळा, काळपट असा रंग येतो, तो रंग बीजाणूंचा असतो. म्हणजे तुम्हाला रंग दिसला तोवर खाली धाग्यांचं जाळं आधीच पसरलेलं असतं, त्यामुळे वरचा रंगीत भाग खरवडून काढला म्हणजे बुरशी गेली असं अजिबात नाही. आता प्रश्न एवढाच उरतो की ते धागे किती खोल गेले, आणि याचं उत्तर बुरशीपेक्षा पदार्थावर जास्त अवलंबून असतं.

बुरशीला वाढायला हवा लागते, म्हणजे ऑक्सिजन. चेडर, पार्मेझान, गौडा यांसारखं हार्ड चीज दाबून इतकं घट्ट केलेलं असतं की आत मोकळी हवा जवळपास नसतेच. चेडरमध्ये पाणी साधारण 37 ते 39 टक्के, पार्मेझानमध्ये तर 30 च्या आसपास, वर दीड-दोन टक्के मीठ, त्यामुळे जे पाणी आहे त्यातलंही बरंचसं बुरशीच्या हाताला लागत नाही. शिवाय चीज बनताना लॅक्टिक आम्ल करणाऱ्या बॅक्टेरियांनी दुधातली साखर आधीच संपवलेली असते. म्हणजे पृष्ठभागावर बुरशी मजेत वाढते पण आत शिरताना तिला ना हवा, ना मोकळं पाणी, ना सोपी साखर, म्हणून ती वरच्या थरातच अडकते.

हे खरं आहे याचा सगळ्यात चांगला पुरावा ब्लू चीजमध्येच आहे. रॉकफर्ट किंवा स्टिल्टनमध्ये आतपर्यंत निळ्या रेषा हव्या असतात आणि त्यासाठी पेनिसिलियम रॉकफोर्टी ही बुरशी मुद्दाम घालतात, पण ही बुरशी कमी ऑक्सिजनमध्ये तग धरण्यात पटाईत असूनही नुसती घालून भागत नाही, चीजला लांब सुयांनी आरपार भोकं पाडावी लागतात. त्या भोकांतून हवा आत गेली की मगच आत निळा रंग धरतो. म्हणजे जी बुरशी आपल्याला आत हवी आहे तिला पण हवेची वाट करून द्यावी लागते, मग चुकून वर पडलेली बुरशी अख्ख्या घट्ट ब्लॉकमध्ये आरपार पसरेल कशी? याच कारणाने भेग पडलेलं चीज वेगळं धरायचं, कारण भेग म्हणजे आयती हवेची वाट आणि बुरशी तिच्या कडेने खोल जाऊ शकते.

मग कापायचं किती? अन्नसुरक्षेत दिला जाणारा आकडा आहे डागाच्या सर्व बाजूंनी आणि खाली निदान 2.5 सेंटीमीटर, म्हणजे एक इंच. लोकांना हे फार वाटतं, पण हे माप फक्त धाग्यांसाठी नाहीये. चीजवर वाढणाऱ्या काही पेनिसिलियम आणि अॅस्परजिलस जाती विषारी द्रव्यं तयार करतात, त्यांना मायकोटॉक्सिन म्हणतात, उदाहरणार्थ सायक्लोपियाझोनिक आम्ल किंवा ऑक्रॅटॉक्सिन. प्रत्येक डागात ती असतातच असं नाही, थंड फ्रिजमध्ये तर ती बहुधा कमीच बनतात, पण डागाकडे बघून ते कळत नाही आणि ही द्रव्यं धाग्यांच्या थोडी पुढेही झिरपू शकतात. घट्ट चीजमध्ये ती फार लांब जात नाहीत, म्हणून एका इंचात धागे, विष आणि आपल्या नजरेची चूक असं सगळं धरलं जातं. आणि ही विषं उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, त्यामुळे "वितळवून घेऊ, टोस्टमध्ये घालू" हा उपाय इथे चालत नाही.

आता एक ब्लॉक प्रत्यक्ष कापून बघू. समजा चेडरचा ब्लॉक आहे 12 सेंटीमीटर लांब, 7 रुंद, 6 उंच, वजन साधारण 550 ग्रॅम. एका टोकाला वरच्या बाजूला डाग आहे आणि तो त्या टोकापासून आत 2 सेंटीमीटरपर्यंत आलाय. डागाची कड 2 वर संपते, त्यात 2.5 मिळवले की झाले साडेचार, तर टोकापासून साडेचार सेंटीमीटरवर सुरी सरळ वरून खालपर्यंत आणायची आणि तो सगळा तुकडा टाकायचा. उरतो साडेसात सेंटीमीटरचा भाग, म्हणजे अंदाजे 340 ग्रॅम. डागाभोवती खड्डा करून कोरत बसण्यापेक्षा असा सरळ काप कधीही चांगला, कारण सुरी बुरशीला लागतच नाही. सुरी डागातून गेली की तीच बुरशी आपण स्वतःच्या हाताने स्वच्छ भागावर फासतो, आणि इथेच बहुतेक लोकांचं चुकतं. तोच डाग ब्लॉकच्या वरच्या बाजूला मधोमध असेल तर वरचा अडीच सेंटीमीटर जाडीचा अख्खा थर आडवा काढायचा, खाली साडेतीन सेंटीमीटर जाडीचं चीज राहतं.

काप घेतल्यावर नव्या पृष्ठभागाकडे नीट बघा. एकसारखा रंग असेल तर ठीक, पण निळसर-करडी रेष किंवा ठिपका दिसला तर बुरशी भेगेतून आत गेलीये, मग तो तुकडाच सोडून द्या. तीन-चार बाजूंना डाग असतील किंवा मुळात तुकडाच 3 सेंटीमीटर जाडीचा असेल तर हिशेब केला की कळतं, वाचवण्यासारखं काही उरतच नाही. वाचलेला भाग जुन्या प्लास्टिकमध्ये परत गुंडाळू नका, त्यावर बीजाणू असतात, नवीन कागद किंवा रॅप घ्या. आणि बुरशी आहे का ते बघायला नाक जवळ नेऊन हुंगू नका, बीजाणू श्वासात जातात आणि ज्यांना अॅलर्जी किंवा दमा आहे त्यांना त्याचा खरंच त्रास होऊ शकतो.

एक गोष्ट मध्येच सांगतो कारण त्यापायी चांगलं चीज फेकलं जातं. मुरलेल्या चेडरवर कधी कधी पांढरे कण दिसतात, ते बहुतेक वेळा कॅल्शियम लॅक्टेटचे स्फटिक असतात, पार्मेझानच्या आत टायरोसिनचे असतात. बोटाने घासलं की स्फटिक कडक, रवाळ लागतात, बुरशी मऊ असते, लव दिसते आणि ती पुसली जाते. स्फटिक असतील तर काहीही कापायची गरज नाही.

आता पनीर. पनीर करताना गरम दुधात लिंबू, व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल घालून दूध फाडतात, चोथा गाळतात आणि दाबतात, बस. यात मुरवणं नाही, मीठ सहसा नाही, साखर संपवणारे बॅक्टेरिया नाहीत. वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि त्या पाण्यात दुधातली थोडी साखरही उरलेली असते. दिसायला वडी घट्ट वाटली तरी ती चोथ्याच्या कणांची बनलेली असते, कणांच्या मध्ये बारीक फटी आणि फटींत ते पाणी. म्हणजे चेडरमध्ये बुरशीला जे जे अडवत होतं त्यातलं जवळजवळ काहीच इथे नाही, धागे फटींतून पुढे सरकतात आणि विष बनलं असेल तर ते ओल्या कापडात शाई पसरावी तसं पाण्यातून पसरतं. त्यामुळे "डागापासून अमुक अंतरावर सुरक्षित" असं म्हणता येईल अशी रेषाच पनीरमध्ये नसते.

आणि पनीरमध्ये बुरशी क्वचितच एकटी असते, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डाग दिसेपर्यंत जेवढे दिवस गेले तेवढ्या दिवसांत बॅक्टेरियांनाही तेच पाणी, तीच साखर आणि आम्लपणा पण बेताचाच अशी सोय मिळालेली असते. ते डोळ्यांना दिसत नाहीत, फार तर पनीर बुळबुळीत लागतं, पिवळट पडतं किंवा आंबट वास येतो, आणि लिस्टेरियासारखे जंतू तर फ्रिजच्या थंडीतही वाढतात आणि त्यांचा वास वगैरे काही येत नाही. नीट शिजवलं तर जंतू मरतील हे खरं, पण बुरशीचं विष राहतं आणि स्टॅफिलोकोकस या बॅक्टेरियाने आधी सोडलेलं विषही उकळून जात नाही. म्हणून धुणं, तळणं, उकळणं यातलं काहीही बुरशी आलेल्या पनीरला परत खाण्याजोगं करत नाही. पाण्यात बुडवून ठेवलेल्या पनीरच्या एका तुकड्यावर डाग दिसला तर त्या डब्यातले सगळेच तुकडे गेले असं समजा, कारण पाणी सगळ्यांचं एकच होतं. फ्रीझरमध्ये टाकून पण फायदा नाही, तिथे बुरशी थांबते, मरेलच असं नाही.

हाच न्याय क्रीम चीज, रिकोटा, कॉटेज चीज यांना लागतो. तसंच किसलेलं चीज, स्लाइस आणि चुरा, मग ते मुळात चेडरचं का असेना, कारण किसलं की घट्टपणा संपला, प्रत्येक किसाभोवती हवा आली आणि डब्यात बीजाणू सगळीकडे फिरले.

राहिले ब्री आणि कॅमेम्बर्ट, यांच्यावर पांढरी बुरशी मुद्दाम वाढवलेली असते. ही बुरशी चीजमधलं लॅक्टिक आम्ल खाऊन टाकते, त्यामुळे आम्लपणा कमी होत जातो आणि आम्लाने जे जंतू दबून राहिले असते त्यांना वाट मोकळी होते, म्हणूनच गरोदर बायकांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना असं चीज न शिजवता खाऊ नका असं सांगतात. त्या पांढऱ्या सालीवर हिरवा, काळा किंवा गुलाबी असा परका रंग दिसला तर तो त्या चीजचा नाही, आणि आतून मऊ असल्यामुळे अख्खं टाकायचं. स्टिल्टनसारख्या घट्ट ब्लू चीजवर मात्र आतल्या निळ्या रेषांपेक्षा वेगळ्या रंगाची लव वर आली असेल तर तिथे परत तोच अडीच सेंटीमीटरचा काप चालतो.