पाळीआधीची बद्धकोष्ठता: प्रोजेस्टेरॉनवरचा आळ आणि त्याची तपासणी

पाळी येण्याच्या आधीच्या आठवड्यात शौचास साफ होत नाही आणि पाळी सुरू होताच पोट मोकळे होते, किंबहुना कधी कधी जरा जास्तच मोकळे होते, हा अनुभव पुष्कळ स्त्रियांना असतो. त्याचे ठरीव उत्तर असे की त्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, ते आतड्यांचे स्नायू सैल पाडते आणि मल पुढे सरकण्याचा वेग मंदावतो. हे उत्तर चूक नाही, पण ज्या पुराव्याच्या आधारे ते रूढ झाले तो पुरावा त्याला पुरेसा नव्हता, आणि बराच काळ त्याची दखल कोणी घेतली नाही.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर बीजकोशात मागे राहणारी पिवळसर गाठ, म्हणजे पीतपिंड, सतराव्या शतकापासून शरीरशास्त्रज्ञांना ठाऊक होती. ती करते काय, हे मात्र विसाव्या शतकापर्यंत नीट कळले नव्हते. 1929 मध्ये सशांवरील प्रयोगांतून दिसले की बीजकोश काढून टाकलेल्या मादीला या गाठीचा अर्क दिला तर गर्भ टिकतो. 1934 मध्ये त्यातील संप्रेरक, म्हणजेच प्रोजेस्टेरॉन, शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले. गर्भ टिकवायचा तर गर्भाशयाचा स्नायू शांत राहायला हवा, आणि हे संप्रेरक तो शांत ठेवते, हे यथावकाश स्पष्ट झाले. आतड्याची भिंतही त्याच जातीच्या, आपल्या इच्छेबाहेर चालणाऱ्या स्नायूची असते. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन कितीतरी पटींनी वाढलेले असते आणि बद्धकोष्ठतेची तक्रारही सर्रास असते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की निष्कर्ष जवळजवळ आपोआप निघतो, आणि तो तसाच काढला गेला. गरोदरपणात वाढलेले गर्भाशय आतड्यावर दाबही आणते आणि लोहाच्या गोळ्याही सुरू असतात, या तपशिलांकडे त्या घाईत दुर्लक्ष झाले.

रक्तातील संप्रेरकांचे बारीक प्रमाण मोजण्याची सोय झाल्यावर चक्राचा आलेख स्पष्ट झाला. पाळीच्या पहिल्या दिवसापासून स्त्रीबीज बाहेर पडेपर्यंत प्रोजेस्टेरॉन रक्ताच्या दर मिलिलिटरला साधारण एक नॅनोग्रॅमच्या आत राहते. त्यानंतर ते चढू लागते, सुमारे सात दिवसांनी शिखराला पोहोचते आणि तेव्हा ते दहा ते वीस नॅनोग्रॅमच्या घरात असू शकते. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड सुकतो, शेवटच्या तीन-चार दिवसांत हे प्रमाण झपाट्याने घसरते आणि त्या घसरणीमुळेच पाळी येते. इस्ट्रोजेन या बीजकोशातील दुसऱ्या संप्रेरकाचे मोठे शिखर स्त्रीबीज सुटण्याच्या आधी येते आणि दुसरा, बसका उंचवटा उत्तरार्धात असतो. आतड्यावरील त्याचा परिणाम प्रोजेस्टेरॉनइतका ठामपणे सांगता येत नाही, म्हणून पुढे प्रोजेस्टेरॉनचाच मागोवा घेतला आहे.

रुग्ण स्त्रियांच्या तक्रारींची नोंद वैद्यकीय साहित्यात होती. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनी पाळीच्या सुमारास शौचाच्या सवयीत बदल होतो असे सांगितले. खरा कलाटणीबिंदू आला तो 1981 मध्ये. अन्न तोंडापासून मोठ्या आतड्याच्या तोंडापर्यंत किती वेळात पोहोचते, हे त्या वर्षी चक्राच्या दोन्ही अर्धांत मोजण्यात आले आणि उत्तरार्धात हा वेळ लांबतो असे आढळले. त्यानंतरच्या लिखाणात हा निष्कर्ष वारंवार आला आणि ‘पाळीआधीच्या बद्धकोष्ठतेचे कारण सापडले’ अशा थाटात त्याची मांडणी होऊ लागली. माझ्या मते सगळा घोटाळा इथेच झाला, म्हणून ही मोजणी नेमकी कशी होते ते जरा सविस्तर पाहू.

लॅक्ट्युलोज ही साखर लहान आतड्यात पचत नाही. ती पाण्यात विरघळवून उपाशीपोटी प्यायला दिली जाते आणि मग ठरावीक मिनिटांच्या अंतराने उच्छ्वासातील हायड्रोजन मोजला जातो. साखर मोठ्या आतड्यात पोहोचताच तेथील जिवाणू ती आंबवतात, त्यातून निघालेला हायड्रोजन रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर येतो आणि आलेखाची रेघ एकदम वर चढू लागते. पिणे आणि ही चढण यांमधला वेळ म्हणजे तोंडापासून मोठ्या आतड्याच्या तोंडापर्यंतच्या प्रवासाचा वेळ. पद्धत साधी आहे, सुई टोचावी लागत नाही आणि एकाच स्त्रीवर ती पुन्हा पुन्हा करता येते. पण ती जिथे संपते तिथे बद्धकोष्ठतेचा प्रश्न सुरू होतो. निरोगी माणसात हा टप्पा दीड-दोन तासांत उरकतो, तर संपूर्ण प्रवासाला दीड ते तीन दिवस लागू शकतात आणि त्यातला बहुतेक वेळ मोठ्या आतड्यातच जातो. 1981 चा फरक मिनिटांत मोजण्याजोगा होता. साठ तासांच्या प्रवासात सुरुवातीची काही मिनिटे वाढली म्हणून शेवटी मल कडक होईल, हे गणित जुळत नाही.

मोठ्या आतड्याचा वेग पाहायचा तर दुसरी पद्धत लागते. क्ष-किरणांत दिसणारे बारीक प्लास्टिकचे तुकडे, बहुधा चोवीस, एका कॅप्सूलमधून गिळायला देतात आणि पाचव्या दिवशी पोटाचा क्ष-किरण फोटो काढून त्यांपैकी किती आत उरले ते मोजतात. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी निरोगी स्त्रियांत संपूर्ण पोटाचा प्रवासवेळ आणि मलाचे स्वरूप तपासले. त्यांत चक्राच्या दोन अर्धांत मोजण्याजोगा मोठा फरक दिसला नाही. पाळीच्या दिवसांत मल थोडा पातळ होतो, एवढे मात्र दिसले. म्हणजे त्या आठवड्यात स्त्रियांना जाणवणारी अडचण होती, पण तिचे जे कारण सांगितले जात होते ते मोजणीत सापडत नव्हते. यावरून काहींनी ‘ही तक्रार मनाची आहे’ असे सुचवले. ते अन्यायाचे होते, कारण हे अभ्यास लहान होते, त्यांत निवडलेल्या स्त्रियांना बहुधा मुळात त्रासच नव्हता आणि सरासरी काढताना ज्यांना त्रास होतो त्यांचे आकडे इतरांत विरघळून जातात.

गाठ सुटायला सुरुवात झाली ती आतड्याच्या स्नायूचीच तपासणी झाल्यावर. आतड्याच्या अत्यंत मंद गतीमुळे ज्यांना शस्त्रक्रिया करावी लागली होती, अशा स्त्रियांच्या काढलेल्या मोठ्या आतड्यातील स्नायूपेशी 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासल्या गेल्या. त्यांत प्रोजेस्टेरॉनचे ग्राही, म्हणजे पेशीतील ज्या जागी ते जाऊन जोडले जाते त्या जागा, नेहमीपेक्षा जास्त होत्या. आकुंचनाचा संदेश पेशीत पोहोचवणारी प्रथिने कमी आणि ती रोखणारी प्रथिने जास्त होती. निरोगी स्नायूला प्रोजेस्टेरॉन दिल्यावरही असाच बदल दिसला. याचा अर्थ असा की रक्तातील संप्रेरक दोन स्त्रियांत सारखेच असूनही एकीचे आतडे त्याला जास्त दाद देऊ शकते. ती तपासणी टोकाच्या रुग्णांची होती. दर महिन्याच्या साध्या तक्रारीलाही तेच लागू होते, हा अजून तर्कच आहे. पण 1981 आणि 1989 चे परस्परविरोधी वाटणारे निष्कर्ष एकत्र बसवायला त्याची मदत होते.

आणखी एक प्रश्न वेळेचा आहे. प्रोजेस्टेरॉनच दोषी असेल तर त्रास त्याच्या शिखराच्या दिवशी जास्त हवा. प्रत्यक्षात तो घसरणीच्या दिवसांतही टिकतो. एक उदाहरण घेऊ. अठ्ठावीस दिवसांचे चक्र, स्त्रीबीज चौदाव्या दिवशी सुटले आणि शिखर एकविसाव्या दिवशी आले असे धरू. सव्विसाव्या दिवशी कडक, सुट्या गोळ्यांसारखा मल झाला, म्हणजे मलाचे स्वरूप सात प्रकारांत मांडणाऱ्या ब्रिस्टल मापनपट्टीवर पहिला प्रकार. तो मल त्या दिवशी तयार झालेला नसतो. तो तेविसाव्या-चोविसाव्या दिवसापासून मोठ्या आतड्यात आहे, आणि तेव्हा संप्रेरक वरच्याच पातळीला होते. शिवाय पेशीतील प्रथिने बदलायला जसा वेळ लागतो तसाच ती पूर्ववत व्हायलाही लागतो. मोठ्या आतड्यात रोज सुमारे दीड लिटर द्रव येतो आणि मलाबरोबर केवळ शंभर ते दोनशे मिलिलिटर बाहेर जातो. मुक्काम एक दिवसाने वाढला की आणखी पाणी शोषले जाते आणि मल कोरडा होतो. कोरडा मल ढकलणे अवघड असल्याने मुक्काम पुन्हा लांबतो.

मग अठ्ठाविसाव्या-पहिल्या दिवशी चित्र पालटते. प्रोजेस्टेरॉनचा आधार सुटताच गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन्स तयार होतात. 1950 च्या दशकात पाळीच्या स्रावातून स्नायू आकुंचित करणारा घटक वेगळा केला गेला, तो याच वर्गातला निघाला. गर्भाशय आवळून पोटात कळा आणणारी हीच द्रव्ये आतड्यावरही काम करतात आणि पाळीत जुलाबासारखे होते. आदल्या चार-पाच दिवसांचा अडथळा इतका ठळक जाणवतो, त्यात या एकाएकी मोकळे होण्याचाही वाटा असावा, असे मला वाटते.

वरच्या गणितात ‘चौदावा दिवस’ जितका सोपा दिसतो तितका तो नाही. चक्र चौतीस दिवसांचे असेल तर स्त्रीबीज साधारण विसाव्या दिवसाच्या आसपास सुटते, कारण चक्राचा उत्तरार्ध बहुधा दोन आठवड्यांच्या जवळपास राहतो आणि फरक पूर्वार्धात पडतो. तारखा मोजताना पहिल्या दिवसापासून पुढे न जाता पुढच्या पाळीपासून मागे आले की आकृती दिसते. दोन-तीन चक्रे मलाचा प्रकार आणि पाळीची तारीख एवढेच लिहून ठेवले तर पाळीच्या आधीच्या आठवड्यातच अडचण येते की महिनाभर असते, हे उघड होते. महिनाभर असेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवे. जास्त रक्तस्राव होत असल्यामुळे लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर त्याही मल कडक करतात आणि त्यांना चक्राचे वेळापत्रक नसते. मग पाळीआधीचा थोडासा फरकही असह्य वाटू लागतो. पाळीच्या दिवसांत शौच करताना खोल, तीव्र वेदना होत असेल तर ती प्रोजेस्टेरॉनच्या नावावर टाकू नये, कारण एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, आतड्याजवळ असल्याचे ते लक्षण असू शकते. मलातून रक्त आले तर महिन्याच्या कोणत्याही दिवशी त्याची स्वतंत्र तपासणी लागते.